मेलखालची शेपटी

भोसरीतल्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या डिस्पॅच विभागातून मेल येतो : ‘गाडी निघाली आहे, उद्या अकरापर्यंत पोचेल.’ मजकूर संपला. त्याखाली नाव, हुद्दा, मोबाइल नंबर. आणि त्याखाली बारीक करड्या अक्षरांत इंग्रजीतला दीड-दोनशे शब्दांचा परिच्छेद. हा मेल व त्याची अटॅचमेंट्स गोपनीय आहेत, तो फक्त ज्याला पाठवला त्याच्यासाठी आहे, तुम्ही ती व्यक्ती नसाल तर वाचणं, नक्कल करणं, पुढे पाठवणं सक्त मना आहे आणि बेकायदेशीर ठरू शकतं. व्हायरस आला तर कंपनी जबाबदार नाही. यातली मतं पाठवणाऱ्याची आहेत, कंपनीची असतीलच असं नाही. आणि शेवटी एक हिरवं पान : छापण्यापूर्वी पर्यावरणाचा विचार करा.

गाडी कधी पोचणार हे गुपित नाही. ते पाठवणाऱ्याचं वैयक्तिक मतही नाही. मग ही शेपटी कशासाठी? ऑफिसात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘आयटीवाल्यांनी लावलंय.’ आयटीवाले म्हणतात, लीगलने दिलं. लीगलवाले म्हणतात, आधीपासून होतं.

आधीपासून म्हणजे फॅक्सच्या काळापासून. फॅक्सचा नंबर हाताने दाबायचा, एक आकडा चुकला की कागद भलत्याच ऑफिसात निघायचा. बरोबर ठिकाणी गेला तरी तो सगळ्यांच्या मधल्या ट्रेमध्ये पडून राहायचा. म्हणून वकील आणि बँका पहिल्या पानावर, म्हणजे मुखपृष्ठावर, सूचना छापायचे : हे अमक्यासाठी आहे, तुम्ही अमके नसाल तर पुढची पानं वाचू नका, आम्हाला फोन करा. यात तर्क होता. सूचना मजकुराच्या आधी यायची, आणि ती ठरावीक कागदांवरच असायची. मेल आल्यावर तीच सूचना उचलली गेली, पण ती गेली तळाला. आता माणूस सगळं वाचून खाली पोचतो आणि तिथे त्याला कळतं की हे वाचायचं नव्हतं.

एकाने लावलं की दुसरा लावतो, आणि कारण संपलं तरी काढत कुणी नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या करसल्लागारांच्या आचारनियमांना ‘सर्क्युलर 230’ म्हणतात. 2005मध्ये त्यात लेखी करसल्ल्याविषयी कडक तरतुदी आल्या. एखाद्या सल्ल्याच्या आधारे दंड चुकवता येणार नाही, असं ठळकपणे लिहिलं तर त्या तरतुदींतून काही प्रमाणात सुटका होत असे. झालं, सल्लागारांनी ते वाक्य प्रत्येक मेलखाली चिकटवलं, जेवायला कुठे भेटायचं या मेलखालीसुद्धा. जून 2014मध्ये खात्याने मूळ तरतूदच रद्द केली आणि या तळटिपांची गरज उरली नसल्याचं त्याच आदेशात नोंदवलं. तरीही ती वाक्यं मेलांखाली रेंगाळत राहिली.

मूळ प्रश्न असा की, अशा सूचनेने वाचणारा बांधला जातो का?

करारासाठी दोन बाजूंची संमती लागते. मी तुम्हाला न विचारता एक कागद पाठवला आणि त्यावर लिहिलं, ‘हा वाचलात म्हणजे माझ्या अटी मान्य’, तर तुम्ही गप्प बसल्याने करार होत नाही. भारतीय करार कायदा 1872चा, पण मेलच्या तळाशी असलेल्या एकतर्फी हुकुमालाही हेच लागू पडतं. चुकून मेल मिळालेल्या अनोळखी माणसाने तुम्हाला काहीही कबूल केलेलं नाही. ‘सक्त मना आहे’ हे शब्द धमकीचे आहेत, त्यांच्यामागे करार नाही.

पण कायद्यात गोपनीयतेचं बंधन करारावाचूनही निर्माण होतं, आणि इथे गोष्ट जरा बारकाईने बघायला हवी. इंग्लंडमध्ये ‘स्पायकॅचर’ या गुप्तहेराच्या आठवणींच्या पुस्तकावरून सरकार आणि वर्तमानपत्रं यांच्यात खटला झाला. 1988च्या निकालात लॉर्ड गॉफ यांनी एक उदाहरण दिलं : उघडउघड गोपनीय असलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने खिडकीतून उडाला आणि गर्दीच्या रस्त्यावर पडला, आणि तो कुणी उचलला. त्या माणसाने काहीही कबूल केलेलं नसलं, तरी कागद पाहताच तो गोपनीय आहे हे त्याला कळतं. तेवढ्याने त्याच्यावर बंधन येतं. म्हणजे बांधतो तो मजकुराचा उघड स्वभाव आणि वाचणाऱ्याला झालेली जाणीव.

आपल्याकडचं उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातलं आहे. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स, 2003. एका निर्मितीसंस्थेने लहानग्या कृष्णाच्या कल्पनेवर मालिकेची संकल्पना तयार केली आणि ती वाहिनीला ऐकवली. पुढे तशाच कल्पनेवरची मालिका वाहिनीवर येऊ घातली. न्यायालयाने ती रोखणारा आदेश कायम ठेवला. तिथे निर्णायक काय ठरलं? संकल्पना नेमकी कोणती, ती कुणी कुणाला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या हेतूने सांगितली, आणि ऐकणाऱ्याला ती विश्वासाने सांगितली जात आहे हे कळत होतं का. हे सगळे प्रश्न त्या एका माहितीबद्दलचे आहेत. सरसकट सगळीकडे छापलेल्या वाक्यातून त्यांतल्या एकाचंही उत्तर मिळत नाही.

उलट सरसकट छापण्याने नुकसान होऊ शकतं. उद्या वाद झाला, तुम्ही म्हणालात की ‘आमचं ड्रॉइंग गोपनीय होतं, मेलवर तसं लिहिलेलंच होतं’, तर समोरचा वकील तुमच्याच कंपनीचा सत्यनारायणाच्या पूजेच्या निमंत्रणाचा मेल पुढे ठेवेल. त्याखालीही तेच शब्द असतील. ज्या शिक्क्याने काहीच वेगळं काढता येत नाही, त्यावरून वाचणाऱ्याला गोपनीयतेची जाणीव झाली असं कसं म्हणणार?

न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने 2007मध्ये हे अगदी थेट सांगितलं. एका डॉक्टरचा त्याच्या रुग्णालयाशी नोकरीच्या करारावरून वाद होता, आणि त्या वादाबद्दल तो आपल्या वकिलाशी रुग्णालयाच्याच मेलवरून बोलत होता. रुग्णालयाच्या धोरणात स्पष्ट लिहिलेलं होतं की ही यंत्रणा कामासाठी आहे आणि तिच्यावर कुणाला खासगीपणाचा हक्क नाही. वकिलाच्या मेलांखाली मात्र नेहमीची गोपनीयतेची सूचना होती. न्यायालयाने ती बाजूला ठेवली. मुळात जिथे गोपनीयता नाही, तिथे तळटीप ती निर्माण करू शकत नाही. डॉक्टरने स्वतःच्या खासगी मेलवरून लिहिलं असतं, तर बहुधा तळटीप नसतानाही त्याचा पत्रव्यवहार सुरक्षित राहिला असता.

आता सुरुवातीची शेपटी हातात घेऊन वाक्यावाक्याने कात्री चालवू.

‘हा मेल गोपनीय आहे.’ बहुतेक मेलांबाबत हे खोटं आहे, आणि उरलेल्यांबाबत ते वरच, वेगळं लिहायला हवं. काढा.

‘वाचणं, नक्कल करणं, पुढे पाठवणं सक्त मना आहे.’ यामागे करार नाही हे पाहिलं. शिवाय जो योग्य वाचक आहे त्याला अनेकदा मेल पुढे पाठवावाच लागतो, स्टोअरला, अकाउंट्सला. काढा.

‘चुकून मिळाला असेल तर कृपया कळवा आणि मेल काढून टाका.’ हे वाक्य ठेवा. ती विनंती आहे, धमकी नाही, आणि चुकीच्या हाती मेल पडलेला भला माणूस काय करावं ते शोधत असतो. फक्त ‘पाठवणाऱ्याला कळवा’ यापेक्षा एक कायम चालू राहणारा पत्ता द्या, कारण पाठवणारा रजेवर असतो किंवा कंपनी सोडून गेलेला असतो.

‘मतं पाठवणाऱ्याची आहेत, कंपनीची नव्हेत.’ हे सर्वांत गमतीचं वाक्य. खरेदी विभागाचा मॅनेजर कंपनीच्या मेलवरून पाचशे नगांची ऑर्डर देतो, खाली लिहिलेलं असतं की हे त्याचं वैयक्तिक मत. पुरवठादार काय समजणार? करार कायद्याचं कलम 237 सांगतं की मालकाने शब्दांनी किंवा वागण्याने समोरच्याचा असा समज करून दिला असेल की नोकराला अधिकार आहे, तर नोकराने अधिकार ओलांडला तरी मालक बांधला जातो. हुद्दा दिला, कंपनीचा मेल दिला, आधीच्या दहा ऑर्डरी त्याच माणसाच्या मेलवर पूर्ण केल्या; मग तळाच्या एका ओळीने सुटका होणं कठीण. अधिकाराला मर्यादा घालायची असेल तर ती नेमकी सांगा : ‘अमुक रकमेवरच्या ऑर्डरी फक्त सही-शिक्क्याच्या पीओवरच ग्राह्य’, आणि ते पुरवठादाराला नोंदणीच्या वेळीच कळवा. हे वाक्य तळातून काढा.

व्हायरसबद्दलचं वाक्य काढा. तुमच्या मेलमधून कुणाची यंत्रणा बंद पडली तर प्रश्न निष्काळजीपणाचा असेल, आणि तो तुम्ही काय काळजी घेतली होती यावर ठरेल. हिरवं पानही काढा. मेल छापणाऱ्याचा कागद बऱ्याचदा या शेपटीनेच दुसऱ्या पानावर जातो.

एवढं कापल्यावर लक्षात येतं की कायद्याला खरोखर जे हवं आहे ते या दोनशे शब्दांत नव्हतंच. कंपनी कायदा 2013च्या कलम 12नुसार कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर, बिलांवर, लेटरहेडवर, नोटिसांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, दूरध्वनी, मेल-वेबसाइट असल्यास ते, आणि कंपनीचा ओळख क्रमांक म्हणजे सीआयएन छापणं बंधनकारक आहे. न छापल्यास कंपनीला आणि चूक करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला दिवसाला 1,000 रुपये दंड, कमाल 1 लाखापर्यंत. कलमात मेलचं नाव घेतलेलं नाही. पण कोटेशन, नोटीस, मागणीपत्र हे सगळं आता मेलनेच जातं, तेव्हा बाहेर जाणाऱ्या मेलला व्यावसायिक पत्रच धरणं शहाणपणाचं. सीआयएन हा 21 अक्षर-अंकांचा असतो. त्यात कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही, उद्योगाचा प्रकार, राज्य, स्थापनेचं वर्ष, कंपनीचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक हे सगळं येतं. एलएलपी असेल तर एलएलपी कायदा 2008च्या कलम 21प्रमाणे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाने नोंदलेली संस्था असल्याचा उल्लेख बिलांवर व अधिकृत पत्रव्यवहारावर हवा. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागारांसारख्या काही व्यवसायांना त्यांच्या नियामकाने सांगितलेला मजकूरही ठेवावा लागतो. तो कापायचा नाही, पण त्यांच्याकडून उसनाही घ्यायचा नाही.

भोसरीच्या कंपनीची शेपटी आता अशी होते :

```
(कंपनीचं नाव) प्रा. लि. | CIN: U00000MH2009PTC000000
नोंदणीकृत कार्यालय: (पूर्ण पत्ता) | दूरध्वनी | मेल | वेबसाइट
हा मेल चुकून आपल्याकडे आला असेल तर कृपया (कायमचा पत्ता)
येथे कळवा आणि मेल काढून टाका.
```

चार ओळी. यातला सीआयएन नमुन्यापुरता आहे, शून्यांच्या जागी आपले आकडे घालायचे.

मग गोपनीय सूचना कधीच नको का? हवी, पण तळाला नव्हे आणि सगळ्यांवर नव्हे. तिचा खरा उपयोग कुठे होतो ते पाहण्यासाठी याच कंपनीचं एक काम घेऊ. तिला एका नव्या व्हेंडरकडून कास्टिंग करून घ्यायचं आहे. दोघांत एनडीए झाला आहे. एनडीएचं पहिलं-दुसरं कलम ‘गोपनीय माहिती म्हणजे काय’ हे सांगतं, आणि तेच कलम लोक वाचत नाहीत. अनेक एनडीएंमध्ये असं असतं की, जी लेखी माहिती ‘गोपनीय’ म्हणून चिन्हांकित केली असेल तीच गोपनीय. आणि तोंडी सांगितलेली माहिती ठरावीक दिवसांत, बहुधा 30 दिवसांत, लेखी कळवून तशी असल्याचं स्पष्ट केलं तरच गोपनीय. अशा एनडीएखाली शिक्का नसलेलं ड्रॉइंग पाठवलं तर ते संरक्षणाबाहेर पडू शकतं. इथे खूण म्हणजे हक्काची अट आहे.

म्हणून ड्रॉइंगच्या मेलला विषयाच्या ओळीतच ‘गोपनीय’ लिहायचं. मजकुराची पहिली ओळ : ‘सोबतची दोन ड्रॉइंग्ज आपल्यातील अमुक तारखेच्या एनडीएखाली गोपनीय आहेत, फक्त या कास्टिंगच्या दरपत्रकासाठी वापरावीत.’ आणि ड्रॉइंगच्या प्रत्येक पानावर, टायटल ब्लॉकजवळ, तोच शब्द. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण व्हेंडरच्या ऑफिसात मेल आणि अटॅचमेंट पहिल्याच तासात वेगळे होतात. पीडीएफ डाउनलोड होते, व्हॉट्सअ‍ॅपवर पॅटर्न बनवणाऱ्याकडे जाते. मेलचा तळ तिच्याबरोबर जात नाही, पानावरची खूण जाते. त्याच व्हेंडरशी फोनवर मिश्रधातूचं प्रमाण बोललात, तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका की दुपारच्या फोनवर सांगितलेलं प्रमाण एनडीएखाली गोपनीय आहे.

दुसरी जागा वाटाघाटींची. मेलवरच्या होकाराने करार होतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत अ‍ॅल्युमिनियम या प्रकरणात 2010मध्ये स्पष्ट केलं. बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा होता. ऑक्टोबर 2007मध्ये दर, प्रमाण, अटी मेलवर ठरल्या आणि मेलवरच होकार गेला. नंतर एका बाजूचं म्हणणं पडलं की औपचारिक करारावर सह्या झाल्याच नव्हत्या. न्यायालयाने ते मानलं नाही. मुख्य अटी ठरल्या होत्या, होकार गेला होता, म्हणजे करार झाला होता. वाद लवादाकडे गेला. तेव्हा बोलणी चालू असताना तुम्हाला अजून बांधून घ्यायचं नसेल, तर ते त्या मेलच्या पहिल्या परिच्छेदात सांगा : ‘हे दर चर्चेसाठी आहेत, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार होईपर्यंत आमच्यावर बंधन नाही.’ आणि तसं वागाही. एकीकडे हे लिहून दुसरीकडे माल रवाना केला तर वागणंच बोलेल. हेच वाक्य सगळ्या मेलांखाली कायमचं लावलं तर उलटी अडचण होते : ज्या दिवशी तुम्हाला समोरच्याला त्याच्या मेलवरच्या होकाराला धरून ठेवायचं असेल, त्या दिवशी तो तुमचीच तळटीप दाखवेल.

तडजोडीच्या बोलण्यांचंही तसंच. ‘विदाउट प्रेज्युडिस’ हे शब्द वाद मिटवण्याच्या पत्रावर वर लिहिले, तर त्यातली सवलत पुढे कबुली म्हणून वापरली जाऊ नये यासाठी त्यांचा आधार होतो. साध्या वसुलीच्या मेलवर ते लिहिले तर मात्र आपलाच पुरावा आपण लपवतो आहोत असा वाद ओढवून घ्याल.

आणि खरोखर चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या मेलचं काय? एचआरने सगळ्यांच्या पगाराची शीट पाठवली, पत्त्याच्या खान्यात दोन अक्षरं टाकताच त्याच नावाचा जुना पुरवठादार पुढे आला, एंटर दाबलं. जीमेलमध्ये Undo Send ची मुदत जास्तीत जास्त 30 सेकंद ठेवता येते. ती आधी वाढवून ठेवलेली असली तरच उपयोग. आउटलुकचं Recall बाहेरच्या कंपनीत गेलेल्या मेलवर चालत नाही. लगेच फोन करायचा, मेल न उघडता काढून टाकायला सांगायचं, आणि काढल्याची एक ओळ लेखी मागून घ्यायची. आधीच शीटला पासवर्ड घालून पासवर्ड फोनवर दिला असता, किंवा फाइलऐवजी परवानगीची लिंक पाठवली असती, तर चूक झाली तरी ती मागे घेता आली असती. 2023चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यात अशा अनवधानाने झालेल्या उघडकीलाही डेटाभंग म्हटलं आहे, आणि मंडळाला व संबंधित माणसांना कळवण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. शीटखालच्या तळटिपेने ती जबाबदारी हलकी होत नाही.

शेपटी छाटायचं ठरलं की काम आयटीकडे जातं, आणि तिथे ते दहा मिनिटांचं आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत मेल फ्लोच्या नियमांमध्ये Apply a disclaimer हा पर्याय असतो, गूगल वर्कस्पेसमध्ये जीमेलच्या Compliance भागात Append footer. मायक्रोसॉफ्टमध्ये नियमाला अट घाला की मेल संस्थेबाहेर जात असेल तरच तळटीप लागावी. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सीआयएन नको असतो. त्याच नियमाला एक अपवाद जोडा : मजकुरात आपला सीआयएन आधीच असेल तर पुन्हा लावू नये. नाहीतर प्रत्येक उत्तरागणिक एक शेपटी वाढत जाते. गूगलमध्ये अंतर्गत मेललाही तळटीप लावण्यासाठी वेगळी खूण असते, ती रिकामी राहू द्या. नियम चालू केल्यावर बाहेरच्या एखाद्या खात्याशी चार-पाच उत्तरांची साखळी करून बघा आणि खाली सरकत शेपट्या मोजा. मायक्रोसॉफ्टमध्ये दोनदा दिसली तर अपवादातला मजकूर तळटिपेशी अक्षर न् अक्षर जुळत नाही. बहुतेक वेळा सीआयएनमध्ये कुठेतरी एखादी मोकळी जागा पडलेली असते.